डेस्टिनेशन वेडिंगच्या पाहुण्यांना माहितीचा मेल: काय लिहावं, काय गाळावं?

कैरीची_डाळ
मंडळी, धाकट्या भावाचं लग्न फेब्रुवारीत, दक्षिण गोव्यात, वार्का बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये. २० तारखेला संध्याकाळी संगीत, २१ ला हळद आणि गोरज मुहूर्तावर लग्न, २२ ला सगळे आपापल्या घरी. मुलीकडचे बेळगावचे, आम्ही पुण्याचे, बाकी नातेवाईक मुंबई-नागपूर आणि काही अमेरिकेत, मिळून १२० च्या आसपास माणसं. पाहुण्यांना मेल पाठवायचं काम माझ्याकडे आलंय (घरात "तुझं लिखाण चांगलं आहे" असं म्हणून कामं गळ्यात मारतात ना, तसं). कच्चा मसुदा खाली देतेय, बिनधास्त फाडा.

"सस्नेह नमस्कार. आमच्या आनंदसोहळ्यात आपण सहभागी होत आहात याचा मनस्वी आनंद आहे. राहण्याची व्यवस्था रिसॉर्टमध्ये केली असून चेक-इन दुपारी २ वाजता, चेक-आउट सकाळी ११ वाजता. एअरपोर्ट व स्टेशनवरून गाड्यांची सोय केली आहे. कार्यक्रम: २० रोजी रात्री ८.३० संगीत, समुद्राकाठचं लॉन. २१ रोजी सकाळी ९ पुण्याहवाचन, १०.३० हळद, सायं. ६.३५ लग्न, त्यानंतर स्वागत समारंभ. ड्रेसकोड: हळद सनशाइन यलो, संगीत ग्लॅम नाइट, लग्न पेस्टल एलिगन्स. कृपया आपला प्रवास लवकरात लवकर कळवावा."

काय राहिलंय? आणि हा मेल कधी पाठवू?

बाळ्या_बोलतो
ग्लॅम नाइट म्हणजे आमच्या बापूकाकांनी काय घालायचं ते आधी कळवा. त्यांच्याकडे सफारी आहे. आणि दुसरी सफारी आहे.

पेन्शनर_अण्णा
आमच्या वेळी पत्रिकेवर "आपले आगमन प्रार्थनीय" एवढं लिहिलं की माणसं एसटीने येत होती आणि शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपत होती. असो. पण मला एक सांगा, रूमचं भाडं पाहुण्यांनी द्यायचं की तुम्ही? हे मेलमध्ये कुठेच नाही. माझ्या भाच्याच्या लग्नात उदयपूरला निघताना काउंटरवर माझ्या हातात बिल ठेवलं. लॉन्ड्रीचं निघालं ते, पण चारचौघांत घाम फुटला.

निळी_छत्री
अण्णांशी सहमत. पैशाचं स्पष्ट लिहाच. "राहणं, जेवण-नाश्ता, गाड्या आमच्याकडून, लॉन्ड्री, मिनीबार, स्पा आणि जास्तीच्या रात्री ज्याच्या त्याने" एवढं एक वाक्य पुरे. लिहायला संकोच वाटतो, पण वाचणाऱ्याला हायसं वाटतं.

प्रवासी_पक्षी
एक महत्त्वाचं. आता गोव्यात दोन एअरपोर्ट आहेत, दाबोळी आणि मोपा. मोपाला तिकिटं बऱ्याचदा स्वस्त मिळतात, नवीन आहे, चकाचक आहे. तेव्हा पाहुण्यांना सांगा की मिळेल ते स्वस्त तिकीट काढा, गोवा काय केवढंसं, तासाभरात कुठेही पोचता. आणि गाड्यांची काळजी कशाला करताय, उबर मागवतील लोक.

मांडवीकाठ
प्रवासी_पक्षी, दोन विमानतळ हा मुद्दा एकदम बरोबर. पुढचं मात्र लोकांना अडचणीत टाकेल. मी बरीच वर्षं दक्षिण गोव्यातल्या हॉटेलांमध्ये लग्नांचं बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोपा उत्तर टोकाला, पेडण्यात. वार्का दक्षिणेत. मधलं अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन तास धरायचे, संध्याकाळी त्याहून जास्त. दाबोळीहून वार्का पाऊण ते एक तास. तिकिटाच्या साइटवर "गोवा" टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात, लोक भाव बघतात आणि बुक करतात. म्हणून मेलमध्ये नावाबरोबर कोड पण लिहा, कारण तिकिटावर तोच ठळक दिसतो: दाबोळी GOI, मोपा GOX. "दाबोळी GOI घ्या, हॉटेल तिथून तासाभरावर. मोपा GOX घेतलंत तरी चालेल पण रस्त्याचे दोन तास धरा" असं सरळ लिहायचं. स्वस्तातलं तिकीट कधी कधी टॅक्सीच्या भाड्यात फिटतं.

उबर-ओला गोव्यात नाहीत. गोवामाइल्स नावाचं ॲप आहे, आणि दोन्ही विमानतळांवर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे. स्थानिक टॅक्सीवाले आणि ॲपवाले यांचं जुनं भांडण आहे, त्यामुळे हॉटेलच्या दारातून ॲपची गाडी मिळेलच असं धरून चालू नका. ज्याला विमानतळावरून स्वतः यायचंय त्याने प्रीपेड काउंटर, हे मेलमध्ये टाका.

रेल्वेवाल्यांना "मडगाव" लिहा, नुसतं "गोवा" नको. कोकण रेल्वेवर थिवी, करमळी, मडगाव अशी स्टेशनं आहेत आणि दरवेळी कोणीतरी करमळीला उतरून फोन करतं.

आणि कैरीची_डाळ, तुमच्या मसुद्यात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गडबड वेगळीच आहे. संगीत रात्री ८.३० ला, उघड्या लॉनवर?

कैरीची_डाळ
हो, का? ८.३० म्हणजे लोक ९ ला जमतील, मग १२ पर्यंत चालेल असा हिशोब होता.

मांडवीकाठ
उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम देशभर आहेत, रात्री १० ते सकाळी ६. काही ठरावीक सणांच्या दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं, खासगी लग्नाला ती लागू नाही. गोव्यात तक्रारीही होतात आणि पोलीसही येतात. म्हणजे तुमच्या लोकांनी नऊ महिने, बरं, नऊ आठवडे बसवलेला नाच सुरू व्हायचा तेव्हा डीजे वायरी गुंडाळत असेल.

दोन मार्ग. एक, लॉनवर ६.४५ ला सुरू करून ९.४५ ला संपवायचं आणि मग जेवण. दुसरा, १० नंतर आतल्या साउंडप्रूफ हॉलमध्ये जायचं, पण हॉल मोकळा आहे का ते हॉटेलला आत्ताच विचारा. आणि मेलमध्ये कारण द्या. "संगीत बरोब्बर ६.४५ ला, कारण लॉनवर १० ला आवाज बंद करावा लागतो." नुसतं "वेळेवर या" म्हटलं तर कोणी येत नाही.

बाळ्या_बोलतो
नऊ महिने 😂 मांडवीकाठ, लग्नाआधीच?

सुगरण_नाही_मी
यावरून आठवलं, आमच्याकडे मुहूर्ताची वेळ मुद्दाम अर्धा तास अलीकडची छापतात. ६.३५ चा मुहूर्त तर मेलमध्ये ६.०५. सगळे वेळेवर.

पेन्शनर_अण्णा
आणि पंचांग बघणारे आमच्यासारखे म्हातारे फोन करून विचारतात की हा कुठला मुहूर्त. गोरज मुहूर्त सूर्यास्ताच्या आसपास असतो, ६.०५ ला ऊन असेल. खोटी वेळ नको.

निळी_छत्री
मधला मार्ग: मुहूर्त खरा लिहा आणि त्याच्या वर "वऱ्हाडी मंडळींनी ५.४५ ला लॉबीत जमावं" असं. रूमपासून लॉनपर्यंत बऱ्याचदा दहा मिनिटं चालावं लागतं या रिसॉर्टमध्ये, आजी-आजोबांसाठी बग्गी असते ती एका वेळी सहाच जण नेते.

सुगरण_नाही_मी
जमायची वेळ दिली की लोक त्या वेळेला आंघोळीला जातात. माझा अनुभव. पण ठीक आहे.

रुचिरा_नागपूर
मी याच प्रकारच्या लग्नाला पाहुणी म्हणून जाऊन आलेय, तर पाहुण्याच्या बाजूने सांगते. मेल आला तो बारा पानी पीडीएफ, पहिली चार पानं नवरा-नवरीचे फोटो आणि त्यांची भेट कशी झाली. मला हवं होतं ते एवढंच की हॉटेलला मी किती वाजता पोचू शकते आणि गाडी येणार का. ते नवव्या पानावर होतं. सकाळी साडेआठला पोचलो, चेक-इन दुपारी २. पाच तास लॉबीत. सासूबाईंना गोळ्या घ्यायच्या, बाळाला झोपवायचं. यजमान बिचारे धावपळीत, त्यांना तरी काय बोलणार.

मांडवीकाठ
हे नेहमीचं. रात्रीच्या गाडीने सकाळी मडगावला उतरणारे आणि पहाटेच्या विमानाने येणारे हमखास चेक-इनच्या आधी पोचतात. हॉटेलशी बोलून दोन-तीन खोल्या आदल्या रात्रीपासून घेऊन ठेवायच्या, तिथे आंघोळ, कपडे बदलणं, सामान ठेवणं. मेलमध्ये वाक्य असं: "२ च्या आधी पोचणाऱ्यांसाठी सामान ठेवायची आणि फ्रेश व्हायची सोय आहे, नाश्ता मिळेल, स्वतःची खोली मात्र २ नंतरच. ज्येष्ठ आणि लहान बाळं असतील तर फॉर्ममध्ये लिहा, त्यांना आधी खोली द्यायचा प्रयत्न करू." प्रयत्न म्हणायचं, वचन नाही.

न्यूजर्सीतली_काकू
आमच्यासारख्यांसाठी पण दोन ओळी टाक गं. अमेरिकन पासपोर्टवर येणाऱ्यांची माहिती हॉटेलला सरकारकडे भरावी लागते, त्यामुळे रिसेप्शनवर पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड मागतात. मागच्या खेपेला आमच्या लेकाने ओसीआय मुंबईत मामाच्या कपाटात ठेवलं होतं, मग रात्री मामा कपाट उघडून फोटो पाठवतोय. आणि तारखांचा घोळ! "२२ च्या रात्री १२.४० चं विमान" म्हणजे आमच्याकडे दोन जणांनी दोन अर्थ काढले.

प्रवासी_पक्षी
ओळखपत्र म्हणून भारतीयांना पॅन कार्ड चालतं ना? ते सगळ्यांकडे असतंच.

मांडवीकाठ
पॅनवर पत्ता नसतो, म्हणून बहुतेक हॉटेलं घेत नाहीत. आधार, पासपोर्ट, लायसन्स, मतदार कार्ड यातलं एक, आणि खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं. "मिस्टरांचं आहे ना" चालत नाही. खोल्यांच्या यादीत पण ओळखपत्रावरचंच नाव द्या, घरी बबन आणि आधारवर भालचंद्र असलं की काउंटरवर वेळ जातो.

काकूंचा मध्यरात्रीचा मुद्दा फार कामाचा. रात्री १२ नंतरच्या विमानाला "२१ ची रात्र संपून २२ तारीख लागल्यावर, पहाटे १२.४०" असं लांबलचक लिहा, बावळट वाटलं तरी.

बाळ्या_बोलतो
आमच्या ऑफिसात एक जण असाच एक दिवस उशिरा एअरपोर्टवर गेला होता. हनिमूनला. पुढचं विचारू नका.

कुरडई
विषयांतर होतंय माफ करा, पण १२० लोकांच्या लग्नाचा गोव्यात खर्च किती येतो? आणि भटजी इकडून न्यावे लागतात का तिकडे मिळतात?

निळी_छत्री
कुरडई, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे खर्चावर चर्चा सुरू झाली तर मेल फेब्रुवारीनंतर जाईल.

कैरीची_डाळ
कुरडई, भटजी मुलीकडचे बेळगावहून येतायत, त्यांची पण खोली धरलीय 🙂

मांडवीकाठ, गाड्यांचं नक्की कसं करतात? "गाड्यांची सोय केली आहे" एवढंच लिहिलंय कारण मलाच माहीत नाही काय सोय आहे. इव्हेंटवाला म्हणतो "हो जाएगा मॅडम".

मांडवीकाठ
तुमचंच उदाहरण घेऊ. समजा २० तारखेला दाबोळीला तुमची तीन विमानं उतरतात, १०.४०, ११.१५ आणि १२.०५. एकूण १६ माणसं. इव्हेंटवाला म्हणेल १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, एकच, खूश. आता बघा काय होतं. लग्नाच्या पाहुण्याकडे माणशी दोन बॅगा, एक कपड्यांची आणि एक शालू-शेरवानीची. १७ सीटरमध्ये सामानासकट अकरा-बारा माणसं नीट बसतात, बाकीच्यांच्या मांडीवर बॅगा. शिवाय १०.४० वाला शेवटच्या विमानाचं सामान येईपर्यंत, म्हणजे पाऊण वाजेपर्यंत, दोन तास बाहेर उभा. तो पहिला फोन नवरदेवाच्या आईला करतो.

त्यापेक्षा पहिल्या दोन विमानांची एक गाडी १२ वाजता काढायची आणि १२.०५ वाल्यांची छोटी गाडी १ वाजता. नियम एवढाच की उतरल्यापासून कोणी सव्वा-दीड तासापेक्षा जास्त थांबू नये. मोपाचे लोक कमी असतील तर तिथून दिवसात दोनच गाड्या, समजा १२ आणि ४ वाजता, आणि बाकीच्यांनी प्रीपेड टॅक्सी. पण हे मेलमध्ये आधी सांगायला हवं, म्हणजे माणूस त्या हिशोबाने विमान निवडतो.

यासाठी फॉर्म लागतो. त्यात प्रत्येकाकडून फ्लाइट नंबर, उतरायची तारीख-वेळ, विमानतळ, माणसं किती, मोठ्या बॅगा किती, व्हीलचेअर लागेल का, आणि परतीचंही तेच सगळं. परतीचं ९० टक्के मेलमध्ये नसतंच. लोक येतात थोडे-थोडे आणि जातात सगळे एकाच सकाळी, त्यामुळे खरी झोंबाझोंबी २२ ला आहे. हिशोब असा: मोपाहून संध्याकाळी ५.३० चं विमान असेल तर दोन तास आधी विमानतळ, दोन तास रस्ता, अर्धा तास राखीव, म्हणजे हॉटेलमधून १ वाजता निघायचं. चेक-आउट ११ चं. मग ११ ते १ सामान कुठे, जेवण कुठे, तेही एका ओळीत हवं.

ड्रायव्हरचे नंबर आधी देऊ नका, आदल्या रात्री बदलतात. तुमच्यातलीच दोन तरुण माणसं नेमा, एक येणाऱ्यांसाठी आणि एक हॉटेलवर, त्यांचे नंबर द्या. नवरदेवाचा आणि त्याच्या आईवडिलांचा नंबर मेलमध्ये असता कामा नये.

रुचिरा_नागपूर
शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

पेन्शनर_अण्णा
पण आम्ही मेल बघत नाही हो. नातू बघतो, रविवारी.

निळी_छत्री
ज्येष्ठांना व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवा, मोठ्या अक्षरात, मराठीत: कधी निघायचं, कुठे उतरायचं, कोणाला फोन करायचा. मेल म्हणजे मूळ कागद, जो शोधला की सापडतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली वेळ गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दोन तासांत गाडली जाते.

प्रवासी_पक्षी
मला उलट वाटतं, फक्त ग्रुपच ठेवा, "फक्त ॲडमिन लिहू शकतो" असं सेटिंग करून. दोन ठिकाणी माहिती ठेवली की एकीकडे जुनी राहते.

निळी_छत्री
ग्रुपमध्ये आधीचं शोधत बसायचं कोणी? पण दोन आवृत्त्यांचा धोका खरा आहे, हे मान्य.

सुगरण_नाही_मी
ड्रेसकोडकडे कोणी बघितलंच नाही. पेस्टल एलिगन्स वाचून आमच्या घरी तीन दिवस वाद होईल. रंगाचं नाव लिहा ना सरळ: फिका गुलाबी, फिका हिरवा, मोतिया. आणि "जमलं तर" लिहा, आत्याबाई पैठणी नेसणार म्हणजे नेसणार, ती जांभळी आहे. रंगापेक्षा जमीन कशी आहे ते सांगा. लग्न लॉनवर असेल तर टोकदार टाचा गवतात रुततात, वाळूवर तर विचारूच नका, सपाट चपला आणायला सांगा. हळद सकाळी साडेदहाला उन्हात, म्हणजे सुती कपडे आणि डाग पडला तरी जीव जळणार नाही असे. गोव्याची फेब्रुवारीतली दुपार पुण्यासारखी नसते, घाम येतो, शेरवानीवाल्यांना आधी सांगा. संध्याकाळी समुद्राचा वारा असतो, मोकळ्या केसांच्या हेअरस्टाइल टिकत नाहीत.

बाळ्या_बोलतो
बापूकाकांची एक सफारी मोतिया आहे! प्रश्न सुटला.

रुचिरा_नागपूर
आणि पुण्याहवाचन सगळ्यांसाठी आहे का? नाहीतर ९ ला शंभर माणसं मांडवात आणि खुर्च्या वीस. "फक्त घरच्यांसाठी, बाकीच्यांनी आरामात नाश्ता करावा" असं लिहिलंत तर पाहुणे दुवा देतील.

कैरीची_डाळ
बापरे, केवढं शिकले. मेल कधी पाठवायचा ते कोणी सांगितलं नाही अजून.

मांडवीकाठ
एक मेल नाही, तीन. पहिला तिकिटं काढण्यासाठी, त्यात फक्त तारखा, विमानतळ, मडगाव, आणि कधीपर्यंत पोचायचं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (२०२४ च्या नोव्हेंबरपासून, आधी १२० होतं), म्हणून हा मेल त्याच्या दोन आठवडे आधी पोचला पाहिजे. तुमच्यासाठी म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दुसरा जानेवारीच्या मध्याला, फॉर्म आणि ड्रेसकोडसकट, शेवटची तारीख देऊन. ती तारीख हॉटेलच्या कराराप्रमाणे ठरवा, करारात न लागणाऱ्या खोल्या परत करायची मुदत असते, तिच्या चार-पाच दिवस आधीची द्या. तिसरा १६-१७ फेब्रुवारीला, ज्यात गाडीच्या वेळा, नंबर आणि कार्यक्रम, एका पानात, फोनवर वाचता येईल असा. फोटोबिटो नको.

कैरीची_डाळ
पहिला मेल असा केलाय, बघा:

"विषय: २०–२२ फेब्रुवारी, गोवा: तिकिटं काढण्याआधी वाचा

नमस्कार. २० तारखेला दुपारी ४ पर्यंत हॉटेलवर पोचाल अशी तिकिटं काढा, संगीत ६.४५ ला सुरू होईल आणि लॉनवर १० ला आवाज बंद करावा लागतो. विमान: दाबोळी GOI, हॉटेल एका तासावर. मोपा GOX चालेल, पण तिथून दोन तास लागतात आणि आमच्या गाड्या दुपारी १२ आणि ४ लाच निघतील. ४ ची गाडी संगीताच्या ऐन तोंडावर पोचेल. रेल्वे: मडगाव. परत २२ ला, मोपाहून विमान असेल तर दुपारी ४ नंतरचं घ्या. २० आणि २१ च्या रात्रींचं राहणं, सगळी जेवणं आणि वर सांगितलेल्या गाड्या आमच्याकडून. खोलीतलं मिनीबार, लॉन्ड्री आणि जास्तीच्या रात्री आपापल्या. मोठ्या प्रत्येकाचं आधार किंवा पासपोर्ट बरोबर ठेवा, परदेशी पासपोर्ट असेल तर व्हिसा किंवा ओसीआयसुद्धा. तिकीट काढलं की या मेललाच उत्तर द्या."

रुचिरा_नागपूर
हे मी उभ्या-उभ्या वाचलं आणि कळलं. "मनस्वी आनंद" पण गेला वाटतं 😀

पेन्शनर_अण्णा
आनंदाची एक ओळ ठेवा हो. हे तलाठ्याच्या नोटिशीसारखं वाटतंय. आणि आहेर आणावा की नाही तेही लिहा.

कैरीची_डाळ
अण्णा, आनंदाची ओळ घालते. आहेरावर घरात दोन तट आहेत, आईचं म्हणणं "आणू नये" लिहिणं उद्धटपणा, बाबांचं म्हणणं विमानाने येणाऱ्यांनी मिक्सर कुठे धरायचा.

मांडवीकाठ
मसुदा चांगला आहे. एकच, बेळगावकरांचा प्रवास वेगळा आहे, त्यांना हाच मेल पाठवू नका. ते बसने मोले-अनमोडवरून येणार, त्यांना विमानतळ वाचून काय करायचंय? त्यांची बस किती वाजता कुठून सुटणार ते मुलीकडच्यांना विचारून वेगळा मेल करा. आणि २२ ला ती बस सकाळी लवकर काढा, घाट उजेडात पार झालेला बरा.

कैरीची_डाळ
त्यांची बस ५२ सीटर आहे म्हणे. रिसॉर्टच्या गेटमधून आत येईल का?

मांडवीकाठ
वार्क्याच्या आतल्या रस्त्यांवर मोठी बस वळायला त्रास होतो काही ठिकाणी. रिसॉर्टच्या सिक्युरिटीला विचारा, मॅनेजरला नको. मॅनेजर "हो" म्हणतो.